भुंगा कबुतराएवढा का होत नाही?

शेवंती

परवा रात्री पाऊस उघडल्यावर आमच्या बाल्कनीत गेंडाभुंगा आला. दिव्यावर धडकला आणि खाली उताणा पडून पाय हलवत राहिला. आम्ही धायरीला राहतो, मागच्या बाजूला अजून थोडी शेतं शिल्लक आहेत, त्यामुळे पावसाळ्यात एखाददुसरा येतोच. लेक चौथीत आहे. तिने त्याला सरळ केलं, हातावर घेतलं आणि मग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. ५ ग्रॅम भरला. पट्टीने मोजला तर साडेचार सेंटिमीटर.

सकाळी त्याच कठड्यावर नेहमीची कबुतरं येऊन बसली, आणि प्रश्न आला: "आई, हा कबुतराएवढा का होत नाही? उडतात तर दोघंही."

मी नेटवर शोधलं. "कीटकांना फुप्फुसं नसतात, नळ्या असतात, म्हणून ते लहान राहतात" एवढं एका ओळीत मिळालं. पण नळ्या असल्या म्हणून काय बिघडलं? शरीर वाढलं की नळीही वाढेल ना! इथे कोणी नीट उलगडून सांगाल का? लेकीला सांगायचंच आहे, पण आता मलाही चैन पडत नाहीये.

नारायणपेठी

शेवंतीताई, कारण कवच आहे. कीटकाचा सांगाडा अंगाच्या बाहेर असतो. प्राणी लांबीला दुप्पट झाला की वजन आठपट होतं, पण पायाची जाडी, म्हणजे तिचं क्षेत्रफळ, चौपटच होतं. म्हणजे मोठ्या भुंग्याला स्वतःचं वजन पेलायला फार जाड कवच लागेल, आणि ते घेऊन उडणार कसं? शिवाय कात टाकल्यावर कवच घट्ट होईपर्यंत तो मऊ असतो. कबुतराएवढा भुंगा त्या वेळी स्वतःच्याच वजनाने चपटा होईल. श्वासाच्या नळ्यांचा मुद्दा मला तरी दुय्यम वाटतो.

भुंगेवाला

कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे या प्रश्नावर गप्प बसवत नाही.

नारायणपेठी, कात टाकण्याबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे, त्याकडे नंतर येतो. पण कवच हेच मुख्य कारण धरलं तर एक प्राणी आडवा येतो: नारळखेकडा. आपल्या निकोबार बेटांवर आहे. जमिनीवर राहतो, झाडावर चढतो, सांगाडा बाहेरच, आणि वजन ४ किलोपर्यंत जातं. तो उडत नाही हे मान्य. पण न उडणारे, नुसते चालणारे कीटकही त्याच्या जवळपास पोचत नाहीत. न्यूझीलंडच्या वेटा या कीटकाची एक अंड्यांवर आलेली मादी ७१ ग्रॅम भरली होती. पूर्ण वाढलेल्या कीटकांत हे फार मोठं वजन समजलं जातं, आणि तिला उडताही येत नाही. मग खेकड्याकडे असं काय आहे जे वेटाकडे नाही? खेकड्याचं रक्त ऑक्सिजन वाहून नेतं. कीटकाचं रक्त, एखाददुसरा अपवाद सोडला तर, हे काम करतच नाही.

शेवंतीताई, तो भुंगा अजून असेल तर त्याला अलगद बाजूने बघा. पोटाच्या कडेला, पंखांच्या टणक झाकणाखाली, बारीक ठिपक्यांची रांग असते. ती श्वासरंध्रं. छातीला दोन जोड्या आणि पोटाला आठपर्यंत, अशी साधारण मांडणी असते. तोंडाचा श्वासाशी काही संबंध नाही. प्रत्येक रंध्रातून एक नळी आत जाते, तिला फांद्या फुटतात, त्या फांद्यांना आणखी फांद्या, आणि शेवटची टोकं मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक होऊन थेट स्नायूच्या पेशीपर्यंत पोचतात. हवा स्वतःच पेशीच्या दारात येते. मध्ये फुप्फुस नाही, हिमोग्लोबिन नाही, हृदयावर भार नाही.

मी विद्यार्थ्यांना झुरळ उघडून दाखवायचो तेव्हा सगळ्यात आधी नजरेत भरायच्या त्या याच नळ्या. पाण्याखाली चांदीच्या तारांसारख्या चमकतात, कारण आत हवा असते. पाणी आत शिरलं की चमक जाते आणि मग त्या शोधूनही सापडत नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न: नळीही वाढेल ना? वाढते. आणि गोम तिथेच आहे. कोणी हिशेबाचं माणूस असेल तर आधी ते होऊ द्या, मग मी पुढचं लिहितो.

सदाशिव_आजोबा

झुरळांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या मोरीत रात्री झुरळं येतात. नुसतं पाणी ओतलं तर पळून जातात, कपड्यांच्या साबणाचं पाणी ओतलं तर मिनिट-दोन मिनिटांत उलटी होतात. साबणात विष असतं का? घरात लहान नात आहे, म्हणून काळजी वाटते.

भुंगेवाला

आजोबा, तुमच्या मोरीत रोज रात्री याच विषयाचा प्रयोग चाललाय. साबणाचं विष नाही. श्वासरंध्राच्या कडा मेणचट असतात. साधं पाणी तिथे थेंब धरून राहतं, आत शिरत नाही, आणि झुरळ रंध्रं मिटूनही घेतं. म्हणून ते पाण्याखाली अर्धा तास तग धरू शकतं. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, पाणी पसरतं आणि नळ्यांत उतरतं. पुढचं गणित असं की ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या सुमारे दहा हजारपट हळू सरकतो. नळी तीच, लांबी तीच, फक्त आत हवेऐवजी पाणी आलं, आणि झुरळ गुदमरलं. नातीचा हात लागायच्या आत फरशी धुऊन घ्या म्हणजे झालं.

हिशेबी

भुंगेवाला सर, हिशेब मी करतो. मी कारखान्यात वायूच्या नळ्यांचं काम बघतो, त्यामुळे हे आकडे ओळखीचे आहेत.

नळीत वारा वाहत नाही, हवा फक्त जागच्या जागी आहे असं समजू. ऑक्सिजनचे कण इकडेतिकडे धडकत, भरकटत आत सरकतात. या भरकटण्याचा नियम असा की अंतर दुप्पट झालं तर वेळ दुप्पट नाही, चौपट लागतो. हवेत १ मिलिमीटर सरकायला सेकंदाचा चाळिसावा भाग पुरतो. ५ मिलिमीटरला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. २ सेंटिमीटरला मात्र १० सेकंद.

आता ताईंचा भुंगा घेऊ. ५ ग्रॅम, साडेचार सेंटिमीटर. लांबी, रुंदी, उंची सगळं चौपट केलं तर वजन ६४ पट, म्हणजे ३२० ग्रॅम. हे झालं कबुतर. लांबी १८ सेंटिमीटर.

त्याला ऑक्सिजन किती लागेल? ६४ पट नाही. मोठ्या प्राण्याची दर ग्रॅममागची गरज कमी असते, त्यामुळे ती साधारण २२-२३ पट धरू. नळ्याही चौपट मोठ्या झाल्या. तोंड १६ पट रुंदावलं, पण लांबीही चौपट झाली, म्हणून नळीतून येणारा ऑक्सिजन १६ भागिले ४, म्हणजे फक्त चौपट. गरज २२ पट, पुरवठा ४ पट. साडेपाचपटीची तूट.

शेवंतीताई, "शरीर वाढलं की नळीही वाढेल ना" याचं उत्तर माझ्या मते हेच. शरीराच्या प्रमाणात वाढून तिला भागत नाही. तिला शरीरापेक्षा जास्त वाढावं लागतं.

शेवंती

हे मी दोनदा वाचलं आणि मग लेकीला कागदावर चौकोन काढून दाखवलं. तिला ६४ पटलं, पण तिची शंका अशी: "मग भुंग्याने जोरात श्वास घ्यावा ना, आपण पळाल्यावर घेतो तसा."

भुंगेवाला

लेकीची शंका अगदी नेमकी आहे, आणि हिशेबींच्या गणितात तीच एक गोष्ट राहिली होती. भुंगे जोरात श्वास घेतात.

पहिल्या पावसानंतर कडुलिंबावर, बाभळीवर हुमणीचे भुंगेरे येतात, ते तुम्ही पाहिले असतील. एखादा हातावर घ्या आणि उडायची वाट बघा. तो लगेच उडत नाही. आधी पोट आतबाहेर करतो, भात्यासारखं, आणि मगच झाकणं उघडतो. टोळाचं पोट तर बसल्या जागीसुद्धा हलताना दिसतं. मोठ्या आणि उडणाऱ्या कीटकांच्या नळ्यांना मध्ये मध्ये हवेच्या पातळ पिशव्या असतात. पोट दाबलं की त्या दबतात आणि मोठ्या नळ्यांतली हवा बदलते. अमेरिकेत शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत जिवंत भुंग्यांचे क्ष-किरणांनी चलचित्र घेतलं, तेव्हा डोक्यातल्या आणि छातीतल्या नळ्याही लयीत दबताना दिसल्या. ते २००३ साली प्रसिद्ध झालं. त्याआधी आम्ही बरेच जण वर्गात "कीटकाच्या नळीत हवा आपोआप पसरते" एवढंच शिकवायचो. ते अपुरं होतं.

म्हणून साडेपाचपटीची तूट भात्याने बरीचशी भरून निघते. पण शेवटच्या बारीक टोकात भाता पोचत नाही, तिथे भरकटणंच आहे. आणि मोठ्या नळ्यांना जागा लागते. ही जागेची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

त्याच प्रयोगशाळेत २००७ साली एका गटाने एकाच कुळातल्या चार जातींचे भुंगे तपासले. सगळ्यात लहान होता आपल्या पिठात, रव्यात होतो तो ३ मिलिमीटरचा तांबडा किडा. सगळ्यात मोठा साधारण साडेतीन सेंटिमीटरचा. प्रत्येकाच्या शरीरातला किती भाग नळ्यांनी व्यापलाय ते मोजलं. शरीर वाढतं तसा हा वाटाही वाढत जातो. म्हणजे मोठा भुंगा स्वतःच्या अंगातली जास्त टक्के जागा हवेला देतो, आणि तेवढी जागा स्नायूंना, आतड्याला, अंड्यांना कमी पडते.

खरी कोंडी कुठे होते ते बघा. पायाला स्वतःचं श्वासरंध्र नसतं. पायातल्या स्नायूंसाठी हवा छातीतून येते, आणि ती पाय जिथे अंगाला जोडलाय त्या भोकातूनच आत शिरते. त्याच भोकातून स्नायू जातो, मज्जातंतू जातो, रक्तही जातं. भोक फार मोठं केलं तर सांधा कमकुवत होतो. या चार भुंग्यांत, शरीर वाढलं तसा त्या भोकातला नळीचा वाटा फार झपाट्याने वाढत होता. तोच कल पुढे नेला, तर साधारण १६ सेंटिमीटरच्या भुंग्याला नळीशिवाय दुसऱ्या कशाला जागाच उरणार नाही असं निघालं. ॲमेझॉनच्या जंगलातला टायटन भुंगा जगातल्या सगळ्यात लांब भुंग्यांपैकी आहे. तो १६-१७ सेंटिमीटरचा असतो.

हिशेबींचा कबुतरभुंगा १८ सेंटिमीटरचा निघाला होता.

हिशेबी

हे वाचून अंगावर काटा आला. पण सर, चार जातींवरून इतक्या दूरचा अंदाज? आमच्याकडे चार बिंदूंवरून दहापट पुढची रेघ ओढली तर वरिष्ठ कागद परत पाठवतात.

भुंगेवाला

तुमचा आक्षेप रास्त आहे. साडेतीन सेंटिमीटरवरून सोळावर जाणं म्हणजे जवळजवळ पाचपट पुढे जाणं. शिवाय ते भुंगे न उडणाऱ्यांच्या बाजूचे, फार धावपळ न करणारे. आकडा टायटनशी जुळला याचा आनंद आहे, पण तेवढ्यावर मी शिक्कामोर्तब करणार नाही. वाटा वाढतो, हे मात्र मोजलेलं आहे.

रानवेडी

मुळात प्रश्नातच एक गडबड आहे असं मला वाटतं. त्यातून "कोणताच कीटक पक्ष्याएवढा होत नाही" असं वाटतं, ते सरसकट खरं नाही. मी दर रविवारी पाषाण तलावावर पक्षी बघायला जाते. आपला शिंजीर, तो फुलांवर लटकणारा जांभळा-काळा, जेमतेम ८-९ ग्रॅमचा. म्हणजे वर आलेली ७१ ग्रॅमची वेटा आठ शिंजिरांएवढी झाली. सह्याद्रीत ॲटलास पतंग सापडतो, पंख पसरले की वीतभराहून मोठा. मी ताम्हिणीत एकदा भिंतीवर बसलेला पाहिला, आधी वाटलं कोणी कागदी नक्षी चिकटवलीये. चीनमधल्या काडीकिड्याची लांबी तर ६४ सेंटिमीटर नोंदलेली आहे. मग नळ्यांचा नियम तिथे कुठे गेला?

भुंगेवाला

रानवेडी, दुरुस्ती मान्य. लहानात लहान पक्षी आणि मोठ्यात मोठे कीटक एकमेकांच्या हद्दीत शिरतात. प्रश्न कबुतराचा, कावळ्याचा, घारीचा धरू.

काडीकिडा लांब आहे, जाड नाही. त्याची श्वासरंध्रं अंगाच्या दोन्ही कडांना पुढून मागेपर्यंत आहेत. त्यामुळे कुठल्याही पेशीपासून बाहेरची हवा बोटाच्या जाडीहूनही जवळ. लांबी मोजू नका, कडेपासून मधल्या गाभ्यापर्यंतचं अंतर मोजा. ॲटलासचंही तेच: पंख म्हणजे बहुतांश पातळ पापुद्रा, धड लहान. आणि तो मोठा झाल्यावर खात नाही, उडतोही थोडाच.

वासरूवाला

मी पशुवैद्यक आहे, पक्ष्याची बाजू मी मांडतो. १०० मिलिलिटर हवेत सुमारे २१ मिलिलिटर ऑक्सिजन असतो. आपल्या १०० मिलिलिटर रक्तातही साधारण २० मिलिलिटर मावतो. म्हणजे हिमोग्लोबिनमुळे रक्त ऑक्सिजनच्या बाबतीत जवळजवळ हवेच्या तोडीचं होतं, आणि त्याला मागून ढकलायला हृदय आहे. ढकललेली गोष्ट अंतराला घाबरत नाही. दुप्पट लांब न्यायचं तर दुप्पट वेळ, चौपट नाही. त्यात पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने जाते, श्वास घेताना आणि सोडतानाही, कारण पुढेमागे हवेच्या पिशव्या आहेत. कोंबडी कापताना त्या पातळ पिशव्या फुटतात, म्हणून त्या बहुतेकांनी कधी पाहिलेल्याच नसतात.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. यावरून कीटकाची रचना कच्ची समजू नका. उडणाऱ्या मधमाशीचे स्नायू दर ग्रॅममागे जितका ऑक्सिजन जाळतात तितका कबुतराचेही जाळत नाहीत. छोट्या अंतरात नळीला तोड नाही.

निवांत

माझे वडील तीन वर्षांपासून घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आहेत, फुप्फुसाचा जुना आजार आहे. रात्री ते यंत्र सुरू असतं आणि मी शेजारी जागा असतो, त्यामुळे "हवेत किती टक्के" हा विषय माझ्या डोक्यात कायम असतो. एक विचारायचं होतं. डायनोसॉरच्या काळात घारीएवढे चतुर होते असं वाचलं. तेव्हा हवेत ऑक्सिजन जास्त होता का? आणि आज झुरळाला जास्त ऑक्सिजनमध्ये वाढवलं तर ते मोठं होईल का? वडिलांच्या खोलीत झुरळं आहेत, म्हणून मनात आलं.

भुंगेवाला

निवांत, वडिलांना आराम पडो. त्यांच्या खोलीतली झुरळं यंत्रामुळे मोठी होणार नाहीत. यंत्राची नळी त्यांच्या नाकाशी असते, खोलीच्या हवेत फारसा फरक पडत नाही.

ते चतुर डायनोसॉरच्याही आधीचे, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे. फ्रान्समधल्या कॉमेंट्रीच्या कोळशाच्या खाणीत त्यांचे ठसे सापडले आणि १८८५ साली ब्राँयार या फ्रेंच अभ्यासकाने त्याला मेगॅन्युरा नाव दिलं. पंखांचा विस्तार ६५-७० सेंटिमीटर. काटेकोर बोलायचं तर आजच्या चतुरांचे ते चुलत पूर्वज. त्या काळात हवेतला ऑक्सिजन आजच्या २१ टक्क्यांऐवजी ३० टक्क्यांच्या आसपास असावा असा अंदाज आहे. कोळसा झालेली जंगलं गाडली गेली, कुजली नाहीत, म्हणून ऑक्सिजन हवेत साठला. बाहेर जास्त ऑक्सिजन असेल तर त्याच नळीतून जास्त आत येतो. मग नळ्यांना दिलेली जागा थोडी सुटते.

वाढवून बघण्याचे प्रयोग झालेत. ३१ टक्के ऑक्सिजनमध्ये वाढवलेले चतुर सुमारे १५ टक्के मोठे झाले. झुरळं मोठी झाली नाहीत, उलट त्यांना वाढायला जास्त वेळ लागला. पण त्यांच्या नळ्या बारीक झाल्या. मला हे झुरळाचं उत्तर जास्त बोलकं वाटतं. हवा भरपूर मिळाली, तेव्हा त्याने नळ्यांवरचा खर्च आधी कमी केला. म्हणजे नळ्या फुकटच्या नाहीत.

नारायणपेठी

खेकड्याचं उदाहरण मी विचारात घेतलं नव्हतं, ते मान्य करतो. पण कात टाकण्याकडे परत येतो म्हणाला होतात. नारळखेकडासुद्धा कात टाकताना बिळात कित्येक दिवस लपून बसतो ना? मग तो मुद्दा अजून उभा आहे.

भुंगेवाला

उभा आहे, आणि तो माझ्या मुद्द्याला येऊन मिळतोही. नळ्या कातडीच्याच आत वळलेल्या भागापासून बनतात, त्यांना आतून कातेचंच अस्तर असतं. दोन कातींच्या मध्ये अळीचं वजन कितीतरी पट वाढतं, पण मोठ्या नळ्या त्या मानाने वाढत नाहीत. कातेच्या शेवटाला अळी श्वासाच्या अगदी काठावर असते. नाकतोड्यांत असं मोजलंय की या टप्प्यावर हवेतला ऑक्सिजन थोडा कमी केला तरी त्यांचं बिनसतं, कात टाकून नव्या नळ्या आल्या की पुन्हा सैल होतात. एका पतंगाच्या अळीवरच्या कामावरून तर असं दिसतं की ही ऑक्सिजनची ओढच कात टाकायची वेळ ठरवते.

रानवेडी

मला मात्र पक्ष्यांची बाजू सोडवत नाही. २०१२ साली कीटकांच्या दहा हजारांहून जास्त जीवाश्म पंखांची मापं एकत्र लावून पाहिली गेली. सुरुवातीची वीस कोटी वर्षं पंखांचा आकार ऑक्सिजनच्या वरखाली होण्याबरोबर चालतो. पण सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी ही जोडी तुटते. ऑक्सिजन वर जातो आणि मोठे कीटक मात्र लहान होत जातात. पक्षी येण्याचा काळ तोच. मोठा चतुर म्हणजे हळू वळणारा चतुर, पहिला तोच मारला जाणार. वेडा राघू हवेत चतुर कसा पकडतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच पटेल. वेटा इतकी मोठी झाली ती न्यूझीलंडमध्येच, जिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवर सस्तन प्राणी नव्हते.

भुंगेवाला

ते मला मान्य आहे. नळी छत ठरवत असेल, पण आजचे बहुतेक कीटक त्या छताच्या कितीतरी खाली आहेत. त्यांना तिथे ठेवणारे पक्षीही असतील, वटवाघळंही.

हिशेबी

आणखी एक काटा. इंग्लंडच्या किनाऱ्यावर २०१८ साली एका खडकात आर्थ्रोप्लुरा नावाच्या, पैसा या खूप पायांच्या किड्यासारख्या अवाढव्य प्राण्याचा जीवाश्म सापडला. अंदाजे अडीच मीटर लांब, वजनाचा अंदाज ५० किलो. काळ सुमारे ३२.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे ऑक्सिजनने शिखर गाठायच्या बराच आधी. तो कीटक नव्हे हे मला माहीत आहे. पण आजचे पैसे नळ्यांनीच श्वास घेतात. मग ५० किलो कसे जमले?

भुंगेवाला

याचं समाधान होईल असं उत्तर माझ्याकडे नाही. चपटं अंग, जागोजागी रंध्रं, मंद चाल, यांनी बरंच सुटतं. काडीकिड्यासारखंच, फक्त रुंद. पण ५० किलो हा आकडा मला रात्री आठवतो. त्याची रंध्रं जीवाश्मात स्पष्ट दिसेपर्यंत हा प्रश्न उघडाच ठेवू.

शेवंतीताई, लेकीला नळ्या दाखवायच्या असतील तर कुठलाही कीटक मारू नका. सिकाडाची किंवा झुरळाची टाकलेली कात शोधा. पाठीच्या फटीतून आत बघा.

शेवंती

कालच ताम्हिणीला गेलो होतो. आंब्याच्या खोडाला सिकाडाची कात चिकटलेली मिळाली, मातकट, पाय तसेच खोडाला रुतलेले. पाठीवर उभी चीर. लेकीने भिंग लावलं आणि ओरडलीच: आत पांढरे दोरे लोंबत होते. कडेच्या भोकांपासून निघालेले, दोन्ही बाजूंना. जुन्या नळ्यांचं अस्तर, सिकाडाने बाहेर येताना ओढून काढलेलं.

तिने ते मोजायला घेतले. डाव्या बाजूचे नीट मोजता आले नाहीत, चिकटले होते. उजव्या बाजूला तिला सात दिसले, मला आठ. भुंगेवाला काका, छातीतला दोरा जास्त जाड असतो का? तिला तिथला एक इतरांपेक्षा ठळक दिसला आणि तिचं म्हणणं आहे की पंखांचे स्नायू तिथेच असतात म्हणून.